सिमसकट फोन गेला, मग बँक नव्या फोनवर कशी आणली

शुक्रवार, 13 जून 2025. ऑफिस सुटल्यावर लोअर परळहून दादरला आले आणि मध्य रेल्वेच्या बाजूला जायला पूल चढले. पुलावर ही गर्दी. खाली उतरून पर्समध्ये हात घातला तर फोन नाही. कुणी काढला की गर्दीत निसटला, ते आजही सांगता येणार नाही. फोन जुनाच होता, त्याचं फार वाटलं नाही. धडकी भरली ती आतल्या सिमची, कारण पगाराचं खातं, सहकारी बँकेतलं खातं, यूपीआय, सगळं त्याच एका नंबरावर.

सोबत ऑफिसातली मैत्रीण होती. तिच्या फोनवरून मी आधी माझा नंबर लावला. दोनदा रिंग गेली, मग स्विच ऑफ. ती म्हणाली, "चल, आधी पोलिसांत जाऊ." मी म्हटलं, थांब, आधी सिम बंद करते. फोनला स्क्रीन लॉक होता, त्यामुळे तो उघडायला वेळ लागला असता. पण सिमला असं काहीच नव्हतं. ते काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं की माझे सगळे ओटीपी तिकडे. मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरला मैत्रिणीच्या फोनवरून लावलं. सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांचं नाव, जन्मतारीख आणि शेवटचा रिचार्ज किती रुपयांचा होता, हे विचारलं. इथे मला एक जुनी गोष्ट आठवली: हे सिम कॉलेजात असताना बाबांच्या नावावर घेतलेलं आहे. जन्मतारीख बाबांची सांगितली. काही मिनिटांत सिम बंद.

पुढचा फोन पगाराच्या खात्याच्या बँकेला. तिथल्या माणसाने आपणहून विचारलं, "मॅडम, डेबिट कार्डही ब्लॉक करू का?" कार्ड माझ्या पाकिटात होतं, म्हणून नको म्हटलं. फक्त मोबाइल बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगितलं. हा मुद्दा थोडा सविस्तर सांगते, कारण घाबरलेल्या अवस्थेत माणूस सगळ्याला हो म्हणून मोकळा होतो. नव्या फोनवर बँकेचं ॲप पुन्हा सुरू करताना बहुतेक वेळा डेबिट कार्डच लागतं. यूपीआय पिन नव्याने ठेवायचा झाला तर कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारतात. कार्ड ब्लॉक केलं तर नवीन कार्ड पोस्टाने येईपर्यंत आपलंच दार आपल्याला बंद. कार्डही फोनच्या कव्हरमध्ये खोचलेलं असेल तर मात्र एक सेकंदही थांबू नका, कारण मग सिम आणि कार्ड दोन्ही एकाच माणसाच्या हातात गेलेलं असतं.

बँकेने तक्रार क्रमांक दिला तो तारीख-वेळेसकट मैत्रिणीच्या तिकिटामागे लिहून घेतला. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणजे कधी कळवलं त्या वेळेला किंमत आहे. पैसे प्रत्यक्षात गेलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. माझे गेले नव्हते.

मग पोलीस. फोन रेल्वेच्या हद्दीत गेला, म्हणून तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे दादर स्टेशनवरच्या जीआरपीकडे. शहरात इतरत्र हरवला असता तर मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर गहाळ वस्तूची नोंद घरबसल्या करता येते. हवालदारसाहेबांनी पहिला प्रश्न केला तो आयएमईआयचा. हा पंधरा आकडी नंबर फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. हातात फोन असेल तेव्हा `*#06#` डायल केलं की स्क्रीनवर दिसतो. घरी नवऱ्याला फोन करून माळ्यावरचं खोकं काढायला लावलं, त्याने नंबर वाचून दाखवला. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात, दोन्ही द्यायचे. चोरी पाहिली नव्हती, म्हणून नोंद "गहाळ" अशी झाली. शिक्का मारलेली प्रत मिळाली. तिचे पुढे बरेच झेरॉक्स लागले.

शनिवारी सकाळी मुलुंडला मोबाइल कंपनीची गॅलरी उघडायच्या आधीच मी दारात. डुप्लिकेट सिम हवं म्हटल्यावर मुलीने नंबर टाकला आणि मान वर केली. "हा नंबर तुमच्या नावावर नाही. ज्यांचा आहे त्यांनाच यावं लागेल, ओरिजिनल आधार घेऊन." अधिकारपत्र, झेरॉक्स, व्हिडिओ कॉल, काही चालणार नाही. तिची चूक नाही. दुसऱ्याच्या नंबराचं सिम काढून खाती रिकामी करण्याचे प्रकार इतके झालेत की ही अडवणूक आपल्याच भल्याची आहे. पण भर पावसात सत्तरी ओलांडलेल्या बाबांना ठाण्याहून बोलवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

बाबा आले. टेबलावर बोटांचे ठसे घ्यायचं छोटं यंत्र होतं, लाल दिव्याचं. बाबांनी अंगठा ठेवला, नाही. तर्जनी, नाही. मुलीने टिश्यूने काच पुसली, बाबांनी शर्टाला बोट पुसलं, पुन्हा नाही. आयुष्यभर छापखान्यात काम केलेल्या माणसाच्या बोटांवर रेघा उरतात कुठे. बाबा म्हणाले, "अगं, मी मीच आहे." मुलगी हसली आणि दुसऱ्या पद्धतीने करू म्हणाली. तिने मूळ आधारकार्डाचा फोटो काढला, बाबांचा तिथेच उभं करून थेट फोटो काढला आणि बाबांच्या स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला. झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर सिम असेल तर त्यांचा चालू फोनही सोबत घ्यायला सांगा, नुसतं आधारकार्ड घेऊन निघू नका. सिमचे 50 रुपये घेतले. शेजारच्या दुकानातून बारा हजारांचा साधा अँड्रॉइड फोन घेतला.

दुपारी दोनच्या सुमारास नव्या फोनवर नेटवर्कच्या दांड्या आल्या. नवऱ्याला फोन लागला, इंटरनेट चालू, व्हॉट्सॲपसुद्धा कॉलवरून पडताळणी करून सुरू झालं. मग बँकेचं ॲप उतरवायला घेतलं तर नवऱ्याने थांबवलं. त्याच्या भावाचं मागच्या वर्षी असंच झालं होतं.

सिम बदललं की त्या नंबरावरची एसएमएस सेवा 24 तास बंद राहते, यायचे मेसेज आणि जायचे मेसेज दोन्ही. हा दूरसंचार विभागाचा नियम आहे. कुणी परस्पर तुमच्या नंबराचं सिम काढलं असेल तर तुमचा फोन अचानक मुका होतो, आणि चोराला ओटीपी मिळायच्या आत तुम्हाला आरडाओरडा करायला एक दिवस मिळतो. गंमत अशी की बाकी सगळं चालू असल्यामुळे हे लक्षातच येत नाही. ॲप "मोबाइल नंबर पडताळत आहोत" म्हणत गोल फिरत राहतं आणि शेवटी पडताळणी झाली नाही एवढंच सांगतं, कारण सांगत नाही. लोक पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात आणि काही बँकांची ॲपं अशा फसलेल्या प्रयत्नांनंतर नोंदणीच आणखी एक दिवस गोठवतात. दिराचं तेच झालं होतं.

हे नीट कळायला डिव्हाइस बाइंडिंग म्हणजे काय होतं ते पाहावं लागेल. नव्या फोनवर ॲप उघडलं की ते आपल्या नकळत सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवतं. पाठवलेल्या मेसेजमध्ये पाहिलंत तर अगम्य अक्षरांची लांबलचक माळ दिसेल. बँक त्या माळेवरून कुठला फोन ते ओळखते आणि मेसेज कुठल्या नंबरावरून आला ते मोबाइल नेटवर्ककडून तिला कळतं. दोन्हींची गाठ मारली जाते: हा नंबर, हा फोन. म्हणून इथे ओटीपीसारखं दुसऱ्या फोनवर आलेला आकडा टाईप करून भागत नाही. बँकेत नोंदवलेल्या नंबराचं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं आणि मेसेज तिथूनच बाहेर पडावा लागतो. आयफोनमध्ये ॲपला आपणहून मेसेज पाठवता येत नाही, म्हणून तिथे तयार मेसेज समोर येतो आणि पाठवायचं बटण आपण दाबायचं. एसएमएस बंद म्हणजे गाठच बसत नाही, मग इंटरनेट कितीही जोरात असो.

सिम चोराच्या हातात असताना नेमकं काय धोक्यात असतं, तेही यातूनच कळतं. ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून यूपीआय ॲपची गाठ मारता येते, कारण मेसेज खऱ्या नंबरावरून जातो. नंबराला जोडलेली खातीही दिसू शकतात. पण पैसे पाठवायला यूपीआय पिन लागतो, आणि तो बदलायला कार्डाचे आकडे किंवा आधार. म्हणून कार्ड आणि सिम एकत्र जाणं सर्वांत वाईट. अपवाद यूपीआय लाइटचा. त्यात एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात आणि शिल्लक 5,000 पर्यंत ठेवता येते. ती शिल्लक हरवलेल्या फोनमध्येच असते, त्यामुळे लाइटमध्ये भरमसाठ पैसे ठेवून फिरू नये. मी लाइट वापरत नव्हते.

शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ रोख पैशांवर काढली. एटीएममधून 3,000 काढले. भाजीवाल्याला नोट दिली तर त्याच्याकडे सुटे नव्हते, सगळे स्कॅन करतात म्हणून तो ठेवतच नाही. दुसरा शनिवार असल्यामुळे बँका बंद. बसून राहण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि मला ते अजिबात जमत नाही.

रविवारी दुपारी एसएमएस सुरू झालाय का, हे बँकेच्या ॲपवर तपासायचं नाही असं ठरवलं होतं. नवऱ्याला साधा मेसेज पाठवला आणि त्याला उलट पाठवायला सांगितला. इथे एक खाचखळगा आहे. हल्ली अँड्रॉइडचं मेसेज ॲप इंटरनेटवरून चॅट म्हणून मेसेज पाठवतं, तो पोचला म्हणजे एसएमएस सुरू झाला असं नाही. ते चॅटचं सेटिंग बंद करून पाठवायचा. दोन्हीकडून मेसेज पोचले, तेव्हा अडीच वाजून गेले होते.

मग पगाराच्या खात्याच्या बँकेचं ॲप. ॲपने एसएमएस आणि फोनची परवानगी मागितली, दिली. मेसेज गेला, पण पुढे सरकेना. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पुन्हा केलं तेव्हा झालं. बऱ्याच बँकांची ॲपं नोंदणीच्या वेळी मोबाइल डेटाच मागतात, व्हीपीएन असेल तर तोही बंद ठेवावा लागतो. फोनमध्ये दोन सिम असतील तर ॲप कुठलं विचारतं, तिथे बँकेतला नंबर ज्या खाचेत आहे तीच निवडायची. प्रीपेडवाल्यांनी पॅकमध्ये एसएमएस आहेत ना ते पाहावं. नसतील तर या मेसेजचा रुपया-दीड रुपया मुख्य बॅलन्समधून जातो, आणि बॅलन्स शून्य असेल तर मेसेज जातच नाही. पुढे डेबिट कार्डाचे आकडे, एटीएमचा पिन, नवा ॲप पिन. हे खातं परत हातात आलं.

त्यानंतर यूपीआयचं ॲप. इथेही तीच गाठ, मग बँक निवडली, खातं दिसलं. जुनाच यूपीआय पिन चालला. हा पिन फोनमध्ये ठेवलेला नसतो, बँकेकडे असतो, म्हणून फोन बदलला तरी तो बदलत नाही. मी तरी तो लगेच बदलून टाकला, पुलावर कुणी माझ्या खांद्यावरून पाहिलं असेल तर काय घ्या. नंतर मुलीच्या क्लासची 8,500 फी भरायला गेले तर व्यवहार नाकारला. नव्या फोनवर पहिले 24 तास यूपीआयची मर्यादा 5,000 रुपये असते. आयफोनवाल्यांना बऱ्याच बँका हीच मर्यादा 72 तास लावतात. घरभाडं, फी, हप्ता असं काही तोंडावर असेल तर हे दिवस धरून चालायचे. फी नवऱ्याने भरली.

खरी मजा सहकारी बँकेची. त्यांच्या ॲपने गाठ मारायलाच नकार दिला: हे खाते अन्य उपकरणावर नोंदणीकृत आहे. सोमवारी सकाळी शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जुन्या फोनमधून लॉगआउट करा, मग नव्यात होईल."

"तो हरवलाय, मॅडम."

"हो, पण त्याच्यातून लॉगआउट केल्याशिवाय सिस्टम घेत नाही."

मी जीआरपीची प्रत पुढे सरकवली. त्यांनी ती वाचली, शेजारच्या साहेबांना दाखवली, साहेबांनी चष्मा वर केला. मग एका कपाटातून मोबाइल बँकिंगच्या नोंदणीचाच फॉर्म निघाला, ज्याच्या खाली "बंद करणे / हँडसेट बदल" असा एक बारीक चौकोन होता. असा फॉर्म आहे हे कुणी आपणहून सांगत नाही, तेव्हा "मला जुना हँडसेट डी-रजिस्टर करायचाय" असं थेट म्हणावं. फॉर्म, पासबुक, आधार, तक्रारीचा झेरॉक्स, आणि बँकेतल्या नमुन्याबरहुकूम सही. माझी सही पंधरा वर्षांपूर्वीची, त्यामुळे ती दोनदा करून दाखवावी लागली. हे काम शाखेत होत नाही, मुख्य कार्यालयाकडे जातं. मंगळवारी दुपारी जुना हँडसेट काढल्याचा मेसेज आला. त्यानंतर ॲपची गाठ पहिल्या झटक्यात बसली.

जुना फोन हातात असताना नवीन घेत असाल तर यातलं बहुतेक टळतं. आधी जुन्या फोनवर सहकारी बँकेसारखी जी ॲपं एकाच उपकरणाला धरून बसतात त्यांत "नोंदणी रद्द" करायचं. मग सिम नव्यात घालून, पडताळणी झाल्यावरच जुना फोन रीसेट करायचा. सिम तेच आहे, डुप्लिकेट काढलेलं नाही, म्हणून 24 तासांची अडचण येत नाही. जुनं सिम काढून ई-सिम करून घेणं मात्र सिम बदलणंच आहे. तिथे एसएमएस पुन्हा बंद होतात, तेव्हा फीच्या किंवा हप्त्याच्या आदल्या दिवशी ते करू नये.

आणि नंबरच परत मिळणार नसेल, म्हणजे रिचार्ज नसल्याने तो बंद होऊन दुसऱ्याला गेला असेल, तर आधी बँकेतला मोबाइल नंबर बदलावा लागतो, मगच बाइंडिंग. ते शाखेत ओळखपत्र दाखवून, आणि काही बँकांत कार्ड घालून एटीएमवरही होतं. तो जुना नंबर खात्याला तसाच जोडून ठेवणं धोक्याचं, कारण नव्या मालकाकडे तुमचे बँकेचे मेसेज जात राहतात.

मंगळवारीच दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर सीईआयआर या हरवलेले फोन ब्लॉक करायच्या सोयीत जुना फोन ब्लॉक केला. आयएमईआय, तक्रारीची प्रत, खरेदीचं बिल लागतं आणि ओटीपी त्याच हरवलेल्या नंबरावर येतो, म्हणून हे काम डुप्लिकेट सिम येऊन एसएमएस सुरू झाल्याशिवाय करताच येत नाही. विनंती क्रमांक जपून ठेवलाय. फोन सापडलाच तर तो त्याच ठिकाणी पुन्हा अनब्लॉक करावा लागतो, नाहीतर भारतात कुठल्याही नेटवर्कवर चालणार नाही.

नव्या फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक नावाचा पर्याय आहे, तो सुरू केला. आता हे सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं किंवा फोन बंद करून चालू केला की चार आकडी पिन विचारतं. सुरू करायच्या आधी कंपनीचा मूळ पिन कस्टमर केअरला विचारून घ्यायचा. अंदाजाने टाकत बसलात आणि तीनदा चुकलात तर सिम अडकतं आणि ते सोडवायचा पीयूके नंबर मागत कस्टमर केअर किंवा गॅलरी गाठावी लागते.

राहिलं ते सिम माझ्या नावावर करायचं. त्याबरोबर कंपनीही बदलावी म्हटलं तर सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, हा दूरसंचार नियामक ट्रायचा 1 जुलै 2024 पासूनचा नियम आडवा आला. बाबा म्हणाले, पुढच्या शनिवारी येतो, पण यंत्रावर बोट ठेवणार नाही, सरळ फोटो काढा म्हणावं.